ड्रोनच्या नुकसानीचा विमा दावा : पत्र कसे लिहावे?

द्राक्ष, डाळिंब व ऊस बागायतदारांपैकी काही जण आता पिकाच्या पाहणीसाठी कॅमेऱ्याचा लहान ड्रोन वापरू लागले आहेत. ठिबकची नळी कोठे तुंबली, कोणत्या ओळी पिवळ्या पडल्या, पाणी कोठे साचले, हे वरून एका नजरेत दिसते. यंत्र मात्र नाजूक असते. दीड लाखाचा ड्रोन एका तारेला अडकला तर क्षणात चाळीस-पन्नास हजारांचे नुकसान होते. म्हणून काही शेतकरी त्याची 'ऑल रिस्क', म्हणजे सर्व जोखीम प्रकारची, विमा पॉलिसी घेतात. हप्ता वेळेवर भरतात, पॉलिसीचा कागद कपाटात ठेवतात आणि प्रत्यक्ष नुकसान झाले की चार ओळींचा अर्ज लिहून पाठवितात. दावा अडतो तो बहुधा या चार ओळींमुळे.

पीक विम्याच्या अर्जाची आपल्याला सवय आहे. तेथे बराचसा निर्णय मंडळातील उत्पन्नाच्या किंवा हवामानाच्या आकड्यांवर होतो. यंत्राच्या विम्यात तसे नाही. येथे एकच यंत्र, एकच घटना व एकच विमाधारक असतो. घटना कशी घडली, हे कंपनीला प्रथम आपल्याच शब्दांतून कळते. म्हणून दाव्याचे पत्र कसे लिहावे, त्यात घटनेचे वर्णन कसे करावे व खरेदीचा पुरावा कसा जोडावा, याची माहिती या लेखात एका उदाहरणाच्या आधारे दिली आहे.

'सर्व जोखीम' म्हणजे नेमके काय?

नाव सर्व जोखीम असले तरी या पॉलिसीत सर्व काही येत नाही. तिचा गाभा असा आहे की, विम्याच्या मुदतीत यंत्राला अचानक व अनपेक्षितपणे बाहेरून दिसणारी इजा झाली तर नुकसान भरून मिळते. मात्र पॉलिसीत काही कारणे नावे घेऊन वगळलेली असतात. आगीच्या किंवा चोरीच्या विम्यात नुकसान त्याच कारणाने झाले हे आपल्याला दाखवावे लागते. सर्व जोखीम पॉलिसीत आपण एवढेच दाखवायचे असते की, नुकसान अपघाताने झाले आणि ते मुदतीत झाले. ते वगळलेल्या कारणामुळे झाले असे कंपनीचे म्हणणे असेल, तर ते दाखवून देणे कंपनीचे काम असते.

वगळलेल्या कारणांत सामान्यतः झीज, हळूहळू होणारा बिघाड, गंज, यंत्राचा स्वतःचा यांत्रिक किंवा विद्युत बिघाड, मुद्दाम केलेले नुकसान आणि उघड्यावर सोडून दिलेल्या यंत्राची चोरी यांचा समावेश असतो. यांपैकी 'स्वतःचा बिघाड' हे कलम ड्रोनच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे आहे. तारेला धडकून पडलेला ड्रोन आणि मोटार जळून पडलेला ड्रोन जमिनीवर पडल्यावर सारखेच दिसतात. पहिला दावा मंजूर होण्यासारखा असतो, तर दुसऱ्यात निदान जळालेल्या मोटारीची किंमत तरी वगळली जाते.

आणखी एक गोष्ट पॉलिसी घेतानाच पाहावी. यंत्रसामग्रीच्या अनेक पॉलिसींत उडणारी साधने मुळातच वगळलेली असतात. म्हणून पॉलिसीच्या परिशिष्टात ड्रोनचे नाव, त्याचा अनुक्रमांक आणि उड्डाण चालू असतानाचे नुकसान धरले असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे वाचून घ्यावे. तसा उल्लेख नसेल तर पुढील पत्र कितीही चांगले लिहिले तरी उपयोग होणार नाही.

उदाहरणादाखल एक प्रकरण

समजा, निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराकडे सुमारे 900 ग्रॅम वजनाचा कॅमेरा ड्रोन आहे. तो त्यांनी 6 जून 2023 रोजी 1,50,000 रुपयांस घेतला. पॉलिसीची मुदत 10 जून 2024 ते 9 जून 2025 अशी आहे. दिनांक 21 जानेवारी 2025 रोजी सकाळी ते स्वतःच्या बागेतील ठिबकच्या ओळी पाहत होते. ड्रोन आडवा सरकवीत ओळींची टोके पाहत असता बांधावरील विजेच्या खांबाला दिलेल्या ताणतारेला त्याची पाती अडकली. ड्रोन पाच मीटर उंचीवरून मांडवाच्या अँगलवर आदळला व खाली पडला. कॅमेरा तुटला, पुढचा एक दांडा मोडला आणि बॅटरीला पोचा आला.

अशा वेळी अनेकांचा पहिला अर्ज पुढीलप्रमाणे असतो.

'आमचा ड्रोन उडत असताना अचानक बंद पडून खाली कोसळला व नादुरुस्त झाला आहे. तरी विम्याची रक्कम मिळावी ही विनंती.'

वाचावयास हे सरळ वाटते. पण कंपनीचा अधिकारी ते कसे वाचतो, हे पाहू. 'अचानक बंद पडून' या शब्दांचा अर्थ यंत्र आधी बंद पडले व नंतर पडले असा होतो. हा तर वगळलेला बिघाड झाला. प्रत्यक्षात पाती आधी तारेला अडकली, त्यानंतर मोटार थांबली. दोन घटनांचा क्रम उलटा लिहिल्याने दाव्याचे कारणच बदलले. शिवाय घटना कोठे घडली, किती वाजता घडली आणि ड्रोन कोण चालवीत होते, हे अर्जात नाही. त्यामुळे हे उड्डाण पॉलिसीत लिहिलेल्या कामासाठीच होते की नाही, हेही ठरविता येत नाही.

पत्र लिहिण्यापूर्वी करावयाची कामे

घटना घडल्याबरोबर ड्रोन उचलण्याची घाई करू नये. तो विजेच्या वाहक तारेवर किंवा तिच्याजवळ अडकला असेल तर काठीने काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यास बोलवावे. ड्रोन जमिनीवर असेल तर तो जसा पडला तसेच त्याचे फोटो घ्यावेत. एक फोटो दुरून घ्यावा, त्यात खांब, तार, मांडव व ड्रोन एकत्र दिसावेत. दुसरा जवळून घ्यावा. तिसरा तारेवर घासल्याची खूण दिसेल असा, आणि चौथा ड्रोनवरील अनुक्रमांकाचा घ्यावा. ताणतारेवरील ताजी खूण आठ-दहा दिवसांनी ओळखू येत नाही, म्हणून तो फोटो विसरू नये.

त्यानंतर बॅटरी काढून ठेवावी. पोचा आलेली किंवा फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करू नये व घरात ठेवू नये. ती काही तासांनीही पेट घेऊ शकते. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ती ठेवावी आणि डबा घर, गोठा व कडब्यापासून दूर ठेवावा. ती टाकून मात्र देऊ नये, कारण तपासणीच्या वेळी ती दाखवावी लागते.

तिसरे काम उड्डाणाची नोंद जपण्याचे आहे. ड्रोन चालविण्याच्या ॲपमध्ये प्रत्येक उड्डाणाची नोंद आपोआप होते. उड्डाणाची वेळ, उंची, अंतर, बॅटरीची टक्केवारी, उपग्रहांची संख्या व मिळालेल्या सूचना क्षणाक्षणाला लिहिल्या जातात. अपघाताचा हा जणू सातबाराच होय. ॲप काढून पुन्हा टाकू नये, नियंत्रक यंत्र मूळ स्थितीत आणू नये आणि मेमरी कार्ड काढून पाकिटात ठेवावे. ड्रोन दुरुस्तीस देताना तो उघडण्यापूर्वी कंपनीच्या सर्वेक्षकाची संमती घ्यावी. आधी दुरुस्ती करून मग दावा केल्यास सर्वेक्षकाला पाहण्यास काहीच उरत नाही.

कंपनीला पहिली सूचना त्याच दिवशी दूरध्वनीने किंवा ई-मेलने द्यावी व मिळालेला दावा क्रमांक लिहून ठेवावा. पीक विम्याच्या संदर्भात 72 तासांचा नियम आपण ऐकून आहात. तो येथे लागू नाही. येथे पॉलिसीत जी मुदत छापली असेल तीच पाळावी लागते. सविस्तर पत्र नंतर दोन-तीन दिवसांत दिले तरी चालते, परंतु सूचना उशिरा देऊ नये.

खरेदीचा पुरावा

पुष्कळांची समजूत अशी असते की, बिलाने फक्त किंमत सिद्ध होते. खरे म्हणजे बिलाने दोन गोष्टी सिद्ध करावयाच्या असतात. हे यंत्र माझे आहे, आणि विमा उतरविलेले यंत्र व मोडलेले यंत्र एकच आहे. दुसरी गोष्ट अनुक्रमांकावरून ठरते. म्हणून बिल, पॉलिसीचे परिशिष्ट व प्रत्यक्ष ड्रोन या तीन ठिकाणचा अनुक्रमांक एकच आहे का, हे पत्र पाठविण्यापूर्वी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे.

येथे दोन अडचणी वारंवार येतात. ड्रोन, नियंत्रक यंत्र व बॅटरी यांचे अनुक्रमांक वेगवेगळे असतात आणि विक्रेता कधी कधी बिलावर नियंत्रकाचा किंवा खोक्यावरील भलताच क्रमांक लिहितो. असे झाले असल्यास विक्रेत्याकडून दुरुस्तीचे पत्र घ्यावे. बिलावर स्वतः पेनाने खाडाखोड करू नये. दुसरी अडचण हमीच्या काळात ड्रोन बदलून मिळाल्यास येते. नव्या ड्रोनचा क्रमांक नवा असतो, पॉलिसीत मात्र जुनाच राहतो. बदलून मिळाल्याबरोबर कंपनीस कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी. ती राहून गेली असेल तर विक्रेत्याचे बदलीचे पत्र दाव्यासोबत जोडावे.

मूळ बिल हरवले असल्यास विक्रेत्याकडून शिक्का व सहीची दुसरी प्रत मिळते. तिच्याबरोबर बँकेच्या पासबुकातील त्या रकमेची नोंद जोडावी. रोखीने व बिलाशिवाय घेतलेल्या ड्रोनचा पुरावा मागाहून तयार होत नाही. परदेशात तयार झालेले अखंड ड्रोन आयात करण्यास केंद्र शासनाने फेब्रुवारी 2022 पासून मनाई केली आहे. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांसाठी काही अपवाद आहेत. तेव्हा बिलाशिवाय मिळणारा स्वस्त ड्रोन कोठून आला, हा प्रश्न दाव्याच्या वेळी उभा राहतो.

बिलाच्या जोडीला नोंदणीचा पुरावाही द्यावा. ड्रोन नियम, 2021 नुसार ड्रोनला शासनाकडून एकमेव ओळख क्रमांक घ्यावा लागतो. 250 ग्रॅमपेक्षा जास्त व 2 किलोपर्यंत वजनाचा ड्रोन 'मायक्रो' वर्गात येतो. हा ड्रोन व्यावसायिक कामासाठी वापरत नसल्यास चालकास दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. परंतु तोच ड्रोन शेजाऱ्याच्या बागेत पैसे घेऊन उडविला तर वापर व्यावसायिक होतो आणि हा मुद्दा कंपनी उचलू शकते. जुना ड्रोन विकत घेतला असल्यास नमुना डी-3 भरून ओळख क्रमांक आपल्या नावावर करून घेतलेला असावा.

घटनेचे वर्णन कसे लिहावे?

वर्णन लिहिण्याचा एकच नियम लक्षात ठेवावा. जे पाहिले ते घडले त्या क्रमाने लिहावे, आणि जे पाहिले नाही त्याचा अंदाज करू नये. 'बहुतेक बॅटरी कमी झाली असावी', 'सिग्नल गेला असेल' असे शब्द आपण बोलण्याच्या ओघात लिहून जातो. कंपनी ते विमाधारकाचे निवेदन म्हणून वाचते. कारण माहीत नसेल तर 'कारण मला दिसले नाही, उड्डाणाची नोंद सोबत जोडली आहे' असे स्पष्ट लिहावे.

आपली चूक लिहावी की नाही, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. ताणतार आपल्या लक्षात आली नाही हे कबूल केले तर दावा जाईल, अशी त्यांना भीती वाटते. ही भीती अनाठायी आहे. चालविणाऱ्याच्या नजरचुकीने झालेला अपघात हा अपघातच असतो आणि अशाच प्रसंगासाठी सर्व जोखीम पॉलिसी असते. मुद्दाम केलेले किंवा उघड बेपर्वाईचे कृत्य वेगळे. सोसाट्याच्या वाऱ्यात ॲपची सूचना डावलून ड्रोन उडविला तर तो बेपर्वाईत जाऊ शकतो. दावा खऱ्या अर्थाने बुडतो तो खोटे लिहिल्याने. आपण 'पक्ष्याने धडक दिली' असे लिहावे आणि उड्डाणाच्या नोंदीत ड्रोन आडवा सरकत तारेच्या जागी थांबलेला दिसावा, तर पुढे आपले कोणतेच म्हणणे खरे मानले जात नाही.

म्हणून पत्र लिहिण्यास बसताना ॲपमधील नोंद समोर ठेवावी. पत्रातील वेळ, उंची व बॅटरीची टक्केवारी नोंदीवरून घ्यावी, आठवणीवरून नव्हे. आठवणीने 'सकाळी आठच्या सुमारास' लिहिले व नोंदीत 7.53 असेल तर मोठे बिघडत नाही, पण उंची 5 मीटरऐवजी 20 मीटर लिहिली तर ताणतारेची गोष्टच जुळत नाही.

पत्राचा नमुना

वरील प्रकरणातील पत्र पुढीलप्रमाणे लिहिता येईल.

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(विमा कंपनी व शाखेचे नाव)

दिनांक : 24 जानेवारी 2025

विषय : सर्व जोखीम पॉलिसीखाली कॅमेरा ड्रोनच्या अपघाती नुकसानीचा दावा.
संदर्भ : 1) पॉलिसी क्रमांक ......., मुदत 10-6-2024 ते 9-6-2025. 2) दिनांक 21-1-2025 रोजी दूरध्वनीने दिलेली सूचना, दावा क्रमांक .......

महोदय,

वरील पॉलिसीच्या परिशिष्टात अनुक्रमांक 1 वर नोंदविलेल्या माझ्या मालकीच्या कॅमेरा ड्रोनचे दिनांक 21-1-2025 रोजी अपघाताने नुकसान झाले आहे. त्याची माहिती खालीलप्रमाणे देत आहे.

यंत्र व मालकी : सदर ड्रोन मी दिनांक 6-6-2023 रोजी 1,50,000 रुपयांस खरेदी केला. रक्कम बँकेमार्फत दिली आहे. ड्रोनचा अनुक्रमांक ....... असून तो बिलावर, पॉलिसीत व यंत्रावर एकच आहे. शासनाकडील ओळख क्रमांक ....... आहे.

घटना : त्या दिवशी सकाळी 7.42 वाजता मी स्वतः माझ्या गट क्रमांक ....... मधील द्राक्षबागेतून ठिबकच्या ओळींची पाहणी करण्यासाठी ड्रोन उडविला. हवा शांत होती व उजेड पुरेसा होता. ड्रोन मला डोळ्यांनी दिसत होता. 7.53 वाजता तो माझ्यापासून सुमारे 85 मीटर अंतरावर व 5 मीटर उंचीवर असताना मी त्यास ओळींच्या टोकाशी उजवीकडे सरकवीत होतो. त्या वेळी बॅटरी 46 टक्के होती व ॲपवर बिघाडाची कोणतीही सूचना नव्हती. बांधावरील विजेच्या खांबाची ताणतार माझ्या लक्षात आली नाही. ड्रोनची उजवीकडील पाती तारेला लागली, ड्रोन तिरपा झाला, मांडवाच्या लोखंडी अँगलवर आदळला व जमिनीवर पडला. मोटारी त्यानंतर थांबल्या. कोणासही इजा झाली नाही व दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले नाही. बागेत काम करीत असलेल्या एका मजुराने घटना पाहिली असून त्यांचे सहीचे निवेदन जोडले आहे.

नुकसान : कॅमेरा व त्याचा झुलता आधार तुटला आहे, पुढील उजवा दांडा मोटारीसह मोडला आहे, पाती तुटली आहेत व बॅटरीस पोचा आला आहे. अधिकृत दुरुस्ती केंद्राने बाहेरून पाहून 52,000 रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे. ड्रोन उघडल्यावर आणखी नुकसान आढळल्यास पुरवणी अंदाजपत्रक सादर करीन.

ड्रोन, तुटलेले भाग, बॅटरी व मेमरी कार्ड आहे त्या स्थितीत जपून ठेवले आहे. कृपया सर्वेक्षकाची नेमणूक करून पाहणीची तारीख कळवावी व दावा मंजूर करावा, ही विनंती.

सोबत : 1) खरेदीचे बिल व पासबुकातील नोंदीची प्रत. 2) पॉलिसी व परिशिष्टाची प्रत. 3) नोंदणी प्रमाणपत्राची प्रत. 4) जागेचे व यंत्राचे आठ फोटो. 5) उड्डाणाची नोंद व चित्रफीत. 6) साक्षीदाराचे निवेदन. 7) दुरुस्तीचे अंदाजपत्रक.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता व दूरध्वनी)

हे पत्र पुन्हा एकदा वाचून पाहा. 'मोटारी त्यानंतर थांबल्या' हे लहानसे वाक्य बिघाडाच्या शंकेचे उत्तर देते. 46 टक्के बॅटरीचा उल्लेख, बॅटरी संपून ड्रोन पडला या शंकेचे उत्तर आहे. 'मी स्वतः' व 'माझ्या गट क्रमांकात' या शब्दांनी चालक व वापर दोन्ही स्पष्ट होतात. पत्रात विनंतीचे शब्द थोडे व घटनेचे शब्द पुष्कळ आहेत, ते असेच असावे. मूळ कागद न देता प्रती द्याव्यात, मूळ कागद सर्वेक्षकास दाखवावेत आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर कंपनीची पोच घ्यावी.

कंपनीचा छापील दावा अर्ज वेगळा असतो, तोही भरावा लागतो. त्यातील 'नुकसानीचे कारण' या लहानशा चौकटीत पुन्हा 'ड्रोन पडला' असे लिहू नये. 'उड्डाणात ताणतारेला धडक, सोबतचे पत्र पाहावे' असे लिहावे. दोन कागदांत दोन कारणे असू नयेत. ड्रोन नियमांत अपघाताची माहिती 48 तासांत केंद्र शासनास कळविण्याची तरतूद आहे. तशी माहिती दिली असल्यास त्यातील मजकूरही पत्राशी जुळणारा असावा व त्याची प्रत जोडावी.

रक्कम किती मिळेल?

दावा मंजूर झाला म्हणजे 52,000 रुपये हाती पडतील, असे नाही. समजा, पॉलिसीत पाती ही झिजणारी वस्तू म्हणून वगळली आहेत, बॅटरीवर 50 टक्के घसारा आहे आणि प्रत्येक दाव्यात पहिले 5,000 रुपये विमाधारकाने सोसावयाचे आहेत. अंदाजपत्रकात पात्यांचे 1,500 व बॅटरीचे 6,000 रुपये आहेत. पात्यांचे 1,500 व बॅटरीच्या घसाऱ्याचे 3,000 रुपये वजा केले की 47,500 रुपये उरतात.

आता विमा रकमेचा प्रश्न येतो. आपल्या उदाहरणातील बागायतदाराने दुसऱ्या वर्षी 'ड्रोन जुना झाला, हप्ता कमी बसेल' म्हणून विमा रक्कम 1,20,000 रुपये केली होती. अपघाताच्या दिवशी तसाच नवा ड्रोन घेण्यास 1,60,000 रुपये लागत होते. यंत्रसामग्रीच्या बहुतेक पॉलिसींत विमा रक्कम नव्या यंत्राच्या आजच्या किमतीइतकी असावी, अशी अट असते. ती कमी असल्यास नुकसानही त्याच प्रमाणात कमी धरतात. येथे 1,20,000 म्हणजे 1,60,000 च्या 75 टक्के होतात. म्हणून 47,500 चे 75 टक्के, म्हणजे 35,625 रुपये धरले जातील. त्यातून 5,000 वजा जाता 30,625 रुपये मिळतील. विमा रक्कम पूर्ण ठेवली असती तर 42,500 रुपये मिळाले असते. हप्त्यात थोडे रुपये वाचविण्याच्या नादात 11,875 रुपये गेले. नूतनीकरणाच्या वेळी विक्रेत्याकडून त्या दिवसाची नवी किंमत विचारून विमा रक्कम ठरवावी, ती जुन्या बिलावरून ठरवू नये.

बदललेले जुने भाग फेकू नयेत. कंपनी ते मागू शकते किंवा त्यांची मोडीची किंमत वजा करू शकते.

दावा नाकारल्यास

नकार तोंडी स्वीकारू नये. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली दावा नाकारला, हे लेखी मागावे व सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागावी. अहवालात 'यांत्रिक बिघाड' असे कारण असेल तर उड्डाणाच्या नोंदीतील धडकेचा क्षण व मोटारी थांबल्याचा क्षण दाखवून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास पत्र द्यावे. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही व वकीलही लागत नाही. नाशिक जिल्ह्यासाठी लोकपालाचे पुणे येथील कार्यालय आहे.

परंतु लोकपालही शेवटी तेच कागद पाहतो, जे आपण पहिल्या आठवड्यात दिलेले असतात. म्हणून ड्रोन घरी आणल्या दिवशीच बिल, अनुक्रमांकाचा फोटो, ओळख क्रमांक व पॉलिसीची प्रत एका पाकिटात घालून ठेवावी. अपघात झालाच तर ते पाकीट आणि ॲपमधील उड्डाणाची नोंद समोर घ्यावी, आणि घडले तसे, घडले त्या क्रमाने लिहावे.